सौजन्य आणि संदिग्धता : परिषदेसाठी उद्योगक्षेत्रातील तज्ज्ञास लिहावयाचे निमंत्रणपत्र

मराठीत निमंत्रणपत्रिका आणि निमंत्रणपत्र हे दोन शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. वस्तुतः त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पत्रिका ही घोषणा असते. सर्व काही ठरल्यानंतर ती छापली जाते, अनेकांना एकाच मजकुराने जाते आणि तिला उत्तराची अपेक्षा नसते, येणारा येतो. पत्र मात्र एका व्यक्तीला उद्देशून लिहिलेले असते. त्यात त्या व्यक्तीकडे काही काम मागितलेले असते आणि तिच्या होकारावाचून किंवा नकारावाचून ते पूर्ण होत नाही. विद्यापीठांच्या भाषाविभागांतून परिषदेच्या वक्त्यांना जी पत्रे जातात, त्यांतील बरीचशी रूपाने पत्रे पण स्वभावाने पत्रिका असतात. वक्ता दुसऱ्या विद्यापीठातील प्राध्यापक असेल तर त्याने फारसे बिघडत नाही. वक्ता उद्योगक्षेत्रातील असला की मात्र बिघडते. का बिघडते आणि ते कसे टाळावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात एका नमुन्याच्या आधारे करावयाचे आहे.

प्राध्यापकाला परिषदेचे निमंत्रण आले की त्यात न लिहिलेले पुष्कळ काही तो आपोआप वाचतो. व्याख्यान साधारणपणे किती वेळाचे असते, निवासाची सोय अतिथिगृहात असते, प्रवासाचे देयक कोणत्या नमुन्यात भरावयाचे, हे त्याला ठाऊक असते. परिषदेस जाण्यासाठी त्याला कर्तव्यरजा मिळते आणि तेथील व्याख्यानाची नोंद त्याच्या शैक्षणिक कार्यात होते. मुद्रण, प्रकाशन, ध्वनिमुद्रण किंवा संगणकीय अक्षररचना अशा व्यवसायातील माणसाला यांतले काहीच लागू पडत नाही. त्याचे दोन दिवस त्याच्या कामाच्या दिवसांतून वजा होतात. आपल्या पत्रात जे लिहिलेले नाही ते त्याच्यासाठी अस्तित्वातच नाही. आणि जे संदिग्ध लिहिलेले आहे ते त्याला स्वतः विचारून घ्यावे लागते. विचारणे, विशेषतः पैशाविषयी विचारणे, त्याला अवघड वाटते. म्हणून पुष्कळदा तो विचारीत नाही. ‘सध्या कामाचा ताण आहे’ एवढे कळवून मोकळा होतो.

येथे एक भाषिक अडचण आहे आणि ती आपल्या पत्रलेखनाच्या परंपरेतून आलेली आहे. आपल्या सौजन्याच्या ठरावीक वाक्प्रयोगांत तीन असे आहेत की ते पाहुण्याला मोकळीक देत असल्याचा भास निर्माण करतात, प्रत्यक्षात मात्र आपले काम त्याच्यावर टाकतात. पहिला, ‘आपल्या सोयीनुसार’. दुसरा, ‘आपल्या आवडीच्या विषयावर’. तिसरा, ‘नियमानुसार’ किंवा ‘यथोचित’. यांपैकी पहिला तारखेविषयीचा निर्णय लांबणीवर टाकतो, दुसरा विषय व श्रोते यांविषयीचा, आणि तिसरा मानधन व प्रवास यांविषयीचा. हे तिन्ही प्रयोग पत्रातून काढून टाकता आले तर पत्र लिहिण्याचे बहुतेक काम झाले असे समजण्यास हरकत नाही. मात्र ते काढण्यासाठी त्यांच्या जागी काही निश्चित मजकूर घालावा लागतो, आणि तो मजकूर मिळविण्यासाठी पत्राला हात घालण्यापूर्वी विभागात काही निर्णय व्हावे लागतात.

या निर्णयांसाठी एक नमुना डोळ्यांसमोर ठेवू. हैदराबाद येथील एका केंद्रीय विद्यापीठाच्या भारतीय भाषा विभागाने भारतीय लिपींचे मुद्रण या विषयावर दोन दिवसांची परिषद ठरविली आहे, अशी कल्पना करू. पुण्यातील एक अक्षररचनाकार, ज्यांचा देवनागरी फाँट तयार करण्याचा स्वतंत्र व्यवसाय आहे, त्यांना एका व्याख्यानासाठी बोलवावयाचे आहे. व्यक्ती, विभाग आणि रकमा कल्पित आहेत. अडचणी मात्र नेहमीच्या आहेत.

तारीख

‘फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्या सोयीनुसार’ असे लिहिल्यास वाचणाऱ्या व्यक्तीला संपूर्ण आठवडा अडवून ठेवावा लागतो. तिला हवी असते ती एक तारीख, वार, वेळ, आणि त्या तारखेसाठी घरातून केव्हा निघून केव्हा परतता येईल याचा हिशेब. आपल्या नमुन्यात परिषद शुक्रवार १२ व शनिवार १३ फेब्रुवारी २०२७ या दिवशी आहे. व्याख्यानासाठी शुक्रवारी दुपारी २.३० ते ३.४५ ही वेळ राखलेली आहे. पंचेचाळीस मिनिटे व्याख्यान आणि तीस मिनिटे चर्चा, अशी तिची विभागणी आहे. वाराचा उल्लेख अवश्य करावा. तारीख आणि वार जुळत नसतील तर टंकलेखनातील चूक तेथेच लक्षात येते. आणखी एक गोष्ट लिहावी, ती म्हणजे पाहुण्याने परिषदेचे दोन्ही दिवस थांबावे अशी अपेक्षा आहे की नाही. प्राध्यापक दोन्ही दिवस थांबतात असे आपण गृहीत धरतो. व्यवसायातील व्यक्ती व्याख्यान संपताच परतीचा विचार करते. दोन्ही मार्ग मोकळे असतील तर तसे स्पष्ट लिहावे.

फेब्रुवारी महिन्याची एक गर्भित अडचणही आहे. शासकीय आर्थिक वर्ष ३१ मार्च रोजी संपते. परिषदेच्या अनुदानातील देणी त्याआधी चुकती व्हावी लागतात. पाहुण्याकडून कागदपत्रे मार्चच्या अखेरीस आली तर देयक पुढील वर्षात जाते आणि पुढील वर्षात त्या परिषदेसाठी तरतूदच उरलेली नसते. पाहुण्याला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. त्यामुळे कागदपत्रे कोणत्या दिवसापर्यंत हवीत, हेही तारखांच्याच यादीत येते.

विषय आणि श्रोते

‘भाषा आणि तंत्रज्ञान या विषयावर मार्गदर्शन करावे’ असे लिहिले की व्यवसायातील वक्ता त्याच्याजवळ तयार असलेले व्याख्यान घेऊन येतो, आणि ते तयार व्याख्यान पुष्कळदा त्याच्या संस्थेच्या उत्पादनांची ओळख करून देणारे असते. यात त्याचा दोष नसतो. आपण त्याला प्रश्न विचारलेला नसतो, केवळ व्यासपीठ दिलेले असते. म्हणून पत्रात विषयाऐवजी प्रश्न द्यावा. आणि तो असा द्यावा की त्याचे उत्तर त्या व्यक्तीच्या हातच्या कामातूनच येऊ शकेल, आपल्या ग्रंथालयातून येऊ शकणार नाही.

आपल्या नमुन्यात असा प्रश्न सहज सापडतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. दोन्ही शब्दांत र आणि य यांचाच संयोग आहे, परंतु एकात रफार आहे आणि दुसऱ्यात अर्ध्या र चे आडवे मराठी रूप आहे. अर्थ त्या एका खुणेवर अवलंबून आहे. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे जोडीचे दुसरे उदाहरण. त्याचप्रमाणे ल आणि श या अक्षरांची मराठीतील रूढ वळणे हिंदीतील वळणांहून वेगळी आहेत. एकाच फाँटमध्ये दोन्ही वळणे ठेवून मजकुराच्या भाषेनुसार त्यांतील योग्य ते निवडण्याची सोय आज उपलब्ध आहे. परंतु मजकूर मराठी आहे हे संगणकाला सांगितलेले नसेल तर ती सोय निरुपयोगी ठरते. मग एक फाँट तयार करताना ही वळणे कोण ठरवितो, कशाच्या आधारे ठरवितो, आणि छापणारा ती कोठे गमावतो? हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाला महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर अक्षररचनाकाराजवळच आहे. असा प्रश्न मिळालेल्या व्यक्तीला आपल्याला नेमके का बोलावले आहे हे कळते. जाहिरातीचा धोकाही त्यामुळे निम्म्याने कमी होतो. उरलेल्या निम्म्यासाठी एक वाक्य पुरते, की उत्पादनांचे प्रदर्शन किंवा विक्री व्याख्यानात नसावी.

श्रोत्यांविषयी केवळ ‘प्राध्यापक व विद्यार्थी उपस्थित असतील’ असे लिहून भागत नाही. महाराष्ट्राबाहेरील केंद्रीय विद्यापीठात श्रोत्यांची भाषा हाच कळीचा मुद्दा असतो. आपल्या नमुन्यात सुमारे साठ श्रोते आहेत. ते हिंदी, उर्दू, तेलुगू, बंगाली व मराठी या भाषांचे अध्यापक आणि संशोधक आहेत. देवनागरी सहज वाचणारे त्यांत निम्म्याहून थोडे अधिक, आणि मराठी समजणारे पंधराएक. म्हणजे पत्र मराठीत असले तरी व्याख्यान मराठीत देता येणार नाही. पुण्याहून येणाऱ्या वक्त्याला, पत्र मराठीत आलेले पाहून, आपण मराठीतच बोलावयाचे आहे असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. व्याख्यान हिंदीत किंवा इंग्रजीत हवे, उदाहरणे मराठीची चालतील, मात्र प्रत्येक उदाहरणाचा अर्थ सांगावा लागेल, एवढे लिहिले की तिची तयारी योग्य दिशेने सुरू होते.

मानधन

‘मानधन’ हा शब्द स्वतःच दोन टोकांना धरून आहे. मान आणि धन यांतील कोणत्या पदावर भर द्यावा हे बोलणारा ठरवितो. अंगणवाडीतील सेविकेला दरमहा जे मिळते त्यालाही आपण मानधन म्हणतो आणि एका व्याख्यानाबद्दल पाहुण्याला जे दिले जाते त्यालाही. शेजारच्या भाषांकडे पाहिले तर ही द्विधा अधिक स्पष्ट होते. कन्नडमधील ‘गौरवधन’ हा शब्द आपल्या शब्दाच्या अगदी जवळचा आहे. हिंदीतील ‘मानदेय’ या शब्दात ‘देय’ हे पद आहे. जे द्यावयाचेच आहे त्याची जाणीव त्यात आहे. तेलुगूतील ‘गौरव वेतनम्’ तर सरळ वेतनाचाच उल्लेख करते. या सर्व शब्दांतील पहिले पद आदराचे आहे आणि दुसरे व्यवहाराचे. आपल्या पत्रांत मात्र पहिल्या पदाचा विस्तार तीन ओळींचा असतो आणि दुसरे पद ‘यथोचित’ या एका विशेषणात गुंडाळलेले असते.

रक्कम लहान आहे म्हणून ती लिहावयास संकोच वाटतो, हे खरे कारण असते. परंतु रक्कम लपविल्याने ती मोठी होत नाही. ती नंतर कळते आणि तेव्हा ती अधिकच लहान वाटते. आपल्या नमुन्यात विभागाला एका व्याख्यानासाठी ५,००० रुपये मंजूर झाले आहेत. व्यावसायिक अक्षररचनाकाराच्या एका दिवसाच्या कामाचे हे मोल नव्हे, हे दोघांनाही माहीत आहे. मग ते तसेच लिहावे : एवढी रक्कम आम्हांला देता येते. त्यावर क्षमायाचनेचे चार शब्द चढवू नयेत. रकमेवरून नकार द्यावयाचा असेल तर तो पत्र वाचतानाच देता आला पाहिजे.

रकमेबरोबर दोन बारकावे लेखा शाखेकडून आधीच विचारून घ्यावेत. पहिला करकपातीचा. व्यावसायिक शुल्कातून उगमाशी होणाऱ्या करकपातीची मर्यादा, एकाच संस्थेने एका आर्थिक वर्षात दिलेल्या एकूण रकमेसाठी, एप्रिल २०२५ मध्ये ३०,००० रुपयांवरून ५०,००० रुपये करण्यात आली. ५,००० रुपये या मर्यादेच्या पुष्कळ आत आहेत; तरीही काही लेखा शाखा सवयीने कपात करतात. कपात होणार असेल तर हाती किती पडेल ते लिहावे. होणार नसेल तर तसे लिहावे. दुसरा बारकावा रक्कम कोणाच्या नावे द्यावयाची हा. पाहुण्याने आपल्या व्यवसायसंस्थेच्या नावाने बीजक पाठविले आणि ती संस्था वस्तू व सेवा करासाठी नोंदलेली असली, तर १८ टक्के कर धरून ते बीजक ५,९०० रुपयांचे होते. मंजुरी मात्र ५,००० चीच असते, आणि ते नऊशे रुपये कोणी भरावयाचे यावर देयक अडते. मानधन व्यक्तीच्या नावे, तिच्या वैयक्तिक बँक खात्यात जमा होईल, हे एक वाक्य पहिल्याच पत्रात घातले की हा प्रश्न उद्भवत नाही. खात्याचा तपशील आणि पॅन क्रमांक मात्र पहिल्या पत्रात मागू नयेत. ज्याने अजून होकार दिलेला नाही त्याच्याकडे ते मागणे औचित्यास धरून नाही.

प्रवास

‘नियमानुसार प्रवासखर्च देण्यात येईल’ हे वाक्य तीन वाक्प्रयोगांतील सर्वांत घातक होय. नियम देणाऱ्याला ठाऊक आहेत, घेणाऱ्याला नाहीत. आणि वाक्य मात्र घेणाऱ्याला आश्वासन दिल्यासारखे वाचले जाते. केंद्र शासनाच्या अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाने जून २०२२ मध्ये असे ठरविले की शासकीय खर्चाने होणाऱ्या विमानप्रवासाची तिकिटे बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आयआरसीटीसी या तीनच अधिकृत संस्थांकडून घ्यावीत, शक्यतो प्रवासाच्या किमान एकवीस दिवस आधी घ्यावीत, आणि उपलब्ध असलेल्या स्वस्त भाड्याची निवड करावी. केंद्रीय विद्यापीठांच्या लेखा शाखा बहुधा हाच दंडक पाहुण्यांच्या देयकांनाही लावतात. उद्योगक्षेत्रातील व्यक्तीची सवय अशी की होकार कळविल्यावर पाच मिनिटांत ती आपले तिकीट एखाद्या खाजगी संकेतस्थळावरून स्वतःच काढते. तिने काढलेले तिकीट अधिकृत संस्थेच्या तिकिटापेक्षा स्वस्त असले तरी देयकावर आक्षेप येतो. मग परिषद संपल्यावर महिनोन्महिने ती विभागाला स्मरणपत्रे पाठवीत राहते आणि विभाग लेखा शाखेला. आपल्याच पैशासाठी अशी पत्रे लिहावी लागलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही, आणि आपल्या व्यवसायातील इतरांनाही तो सांगतो.

यावर उपाय एकच, आणि तो सोपा आहे : तिकीट विभागाने काढावे आणि ‘कृपया आपण तिकीट काढू नये’ असे पहिल्या पत्रातच लिहावे. पुणे ते हैदराबाद हा विमानप्रवास सुमारे सव्वा तासाचा आहे. गुरुवार ११ फेब्रुवारी रोजी संध्याकाळी यावयाचे असेल, तर एकवीस दिवसांचा हिशेब २१ जानेवारीवर येतो. विभागाने २० जानेवारीपर्यंत तिकीट काढावे. त्यासाठी पाहुण्याचे नाव ओळखपत्रावर आहे तसे लागते. प्रवासानंतर विमानात चढण्याच्या पासाची प्रत लेखा शाखेस लागते, म्हणून पास जपून ठेवण्याची विनंती प्रवासाआधीच करावी. प्रवासानंतर ती करणे निरर्थक असते.

व्यवस्थेतील आणखी एक गोष्ट या विशिष्ट वक्त्याच्या बाबतीत महत्त्वाची आहे. सभागृहातील संगणकावर वक्त्याचे फाँट नसतात. असलेल्या मजकुराला संगणक आपल्याजवळचा दुसरा फाँट लावून मोकळा होतो, आणि ज्या वळणांविषयी व्याख्यान आहे नेमकी तीच पडद्यावरून नाहीशी होतात. म्हणून तिने स्वतःचा संगणक आणावा किंवा फाँट अंतर्भूत असलेली पीडीएफ प्रत आणावी, आणि ती तपासण्यासाठी सभागृह व्याख्यानापूर्वी अर्धा तास मोकळे ठेवावे.

आता हे सर्व ध्यानी घेऊन लिहिलेले पत्र पाहू.

हैदराबाद, सोमवार, २३ नोव्हेंबर २०२६

सन्माननीय श्रीमती . . . . . . यांस,

सादर नमस्कार.

आमच्या भारतीय भाषा विभागातर्फे भारतीय लिपींचे मुद्रण या विषयावर शुक्रवार १२ व शनिवार १३ फेब्रुवारी २०२७ या दिवशी परिषद भरविण्यात येत आहे. तीत आपण एक व्याख्यान द्यावे, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. आपण तयार केलेल्या देवनागरी फाँटमध्ये मराठी वळणांचा जो विचार केलेला दिसतो, तो आमच्या अभ्यासकांनी आपल्याकडूनच ऐकावा असे वाटते.

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत भेद करणारे र चे रूप, तसेच ल व श यांची मराठी वळणे, यांविषयीचे निर्णय फाँट तयार करताना कोण व कशाच्या आधारे घेतो आणि छपाईत ते कोठे गमावले जातात, हा आमचा प्रश्न आहे. आपल्या कामातील दोन-तीन उदाहरणे घेऊन आपण त्याचे उत्तर द्यावे. एखादे काम ग्राहकाच्या अनुमतीवाचून दाखविता येत नसेल तर ते वगळण्यास अर्थातच हरकत नाही. उत्पादनांचे प्रदर्शन वा विक्री व्याख्यानात नसावी, असा परिषदेचा संकेत आहे.

व्याख्यान शुक्रवार १२ फेब्रुवारी रोजी दुपारी २.३० वाजता होईल. पंचेचाळीस मिनिटे व्याख्यान आणि तीस मिनिटे चर्चा. श्रोते सुमारे साठ असतील : हिंदी, उर्दू, तेलुगू, बंगाली व मराठीचे अध्यापक आणि संशोधक. मराठी समजणारे त्यांत पंधराएक असल्याने व्याख्यान हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावे.

मानधन ५,००० रुपये आहे. परिषदेच्या अनुदानातून आम्हांला एवढी रक्कम देता येते. ती आपल्या वैयक्तिक बँक खात्यात जमा होईल. तीतून करकपात होणार नाही, असे लेखा शाखेने कळविले आहे.

पुणे ते हैदराबाद जाण्यायेण्याचे विमानाचे तिकीट आम्ही काढून पाठवू. आमच्या नियमांप्रमाणे ते ठरावीक संस्थांकडूनच घ्यावे लागते. म्हणून कृपया आपण स्वतः तिकीट काढू नये. आपण गुरुवार ११ रोजी संध्याकाळी यावे. परतीसाठी शुक्रवारची रात्र किंवा शनिवारची संध्याकाळ, यांतील आपणांस सोयीचे ते कळवावे. शमशाबाद विमानतळावर विभागाची गाडी येईल. निवास व भोजनाची व्यवस्था विद्यापीठाच्या अतिथिगृहात केली आहे. पुण्यात घरापासून विमानतळापर्यंतचे टॅक्सीभाडे, जाताना व येताना प्रत्येकी ८०० रुपयांपर्यंत, पावतीप्रमाणे देऊ.

सभागृहात प्रोजेक्टर आहे, परंतु तेथील संगणकावर आपले फाँट नसतील. आपला संगणक किंवा फाँट अंतर्भूत असलेली पीडीएफ प्रत आणावी. तपासणीसाठी सभागृह दुपारी २ पासून आपल्यासाठी मोकळे असेल.

आपला होकार किंवा नकार शुक्रवार ११ डिसेंबरपर्यंत कळवावा. होकार आल्यास लागणाऱ्या कागदपत्रांची यादी त्याच दिवशी पाठवू. ती व्याख्यानानंतर आठ दिवसांत, म्हणजे २० फेब्रुवारीपर्यंत मिळाली, तर सर्व रक्कम ३१ मार्चपूर्वी आपल्या खात्यात जमा होईल. व्याख्यानाचे ध्वनिमुद्रण करण्यास व ते पुढे लेखरूपाने छापण्यास आपली अनुमती आहे किंवा कसे, तेही कळवावे. ती नसली तरी निमंत्रण कायम आहे.

कळावे. लोभ असावा, ही विनंती.

आपला,
समन्वयक

या पत्रात ‘सोयीचे’ हा शब्द एकदाच आला आहे, आणि तोही दोन निश्चित पर्यायांमध्ये निवड करण्यासाठी. सोय देणे आणि सोय शोधावयास लावणे यांतील अंतर येथे दिसते. ‘बहुमोल मार्गदर्शन’, ‘अमूल्य वेळ’ हे शब्द पत्रात नाहीत. तरीही ते रूक्ष वाटत नाही. आदर येथे विशेषणांतून आलेला नाही. पाहुण्याच्या कामाचा नेमका उल्लेख, तिच्या ग्राहकांच्या गोपनीयतेची घेतलेली दखल आणि तिला नकार देण्याची ठेवलेली वाट, यांतून तो आला आहे. ध्वनिमुद्रणाची अनुमती निमंत्रणापासून वेगळी ठेवण्याचे कारणही हेच. पाहुणी स्वतंत्र व्यवसाय करणारी नसून एखाद्या कंपनीच्या नोकरीत असती, तर तिला व्याख्यानासाठी आणि छपाईसाठी मालकाची अनुमती घ्यावी लागली असती, आणि उत्तरासाठी दिलेले अठरा दिवस कदाचित अपुरे पडले असते. अशा वेळी पत्र आणखी पंधरा दिवस आधी जावे आणि अनुमतीसाठी वरिष्ठांना दाखविता येईल अशी औपचारिक प्रत सोबत असावी.

औपचारिक प्रतीचा प्रश्न एरव्हीही असतोच. केंद्रीय विद्यापीठाचा कारभार हिंदीत व इंग्रजीत चालतो. मराठी पत्र लेखा शाखेच्या धारिकेत उपयोगी पडत नाही. म्हणून त्याच मजकुराचे दुसरे पत्र हिंदीत किंवा इंग्रजीत काढावे लागते. भाषांतर करताना येथे एक चूक वारंवार होते. मराठी पत्रात ‘प्रवासखर्च आम्ही करू’ असते आणि कार्यालयीन पत्रात त्याचे ‘अनुज्ञेय प्रवासखर्च’ होते. पहिल्याचा अर्थ संपूर्ण खर्च, दुसऱ्याचा अर्थ नियमांत बसेल तेवढाच. देयक तपासणारा दुसरे पत्र पाहतो, पाहुणा पहिले. आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. यासाठी आधी कार्यालयीन पत्र लिहावे, त्यास मंजुरी घ्यावी, आणि मगच त्यावरून मराठी पत्र तयार करावे. उलट क्रमाने गेल्यास आपण मराठीत असे काही वचन देऊन बसतो की जे इंग्रजीत मंजूर होत नाही.

पत्र साधले की नाही हे उत्तरावरून कळते. ‘होय, शनिवारी संध्याकाळी परतेन’ असे उत्तर आले तर पत्र पुरेसे होते. स्पष्ट नकार आला तरीही ते पुरेसे होते. पर्यायी वक्ता शोधावयास दोन महिने हाती राहतात. उत्तरात तीन प्रश्न आले तर आपण पत्रिका पाठविली होती असे समजावे, आणि त्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे पुढील परिषदेच्या पत्रासाठी लिहून ठेवावीत. ‘यावयास नक्कीच आवडेल, पाहू या’ हा होकार नव्हे. ठरलेल्या तारखेनंतर दोन दिवसांनी एकदा दूरध्वनी करावा, आणि तेव्हाही निश्चित उत्तर मिळाले नाही तर आभार मानून निमंत्रण मागे घ्यावे. तिकिटाची तारीख कोणाची वाट पाहत नाही. आणखी एक उत्तर संभवते : ‘मला जमणार नाही, परंतु माझे सहकारी येतील.’ प्रश्न निश्चित असल्याने येथे निर्णय सोपा होतो. त्या सहकाऱ्याने फाँटमधील र, ल आणि श यांच्या वळणांवर स्वतः काम केले असेल तर त्याला नव्या नावाने नवे पत्र पाठवावे. नसेल तर नाही.

होकार आल्यानंतर मात्र एक जबाबदारी आपल्याकडे येते. पत्रात लिहिलेली प्रत्येक रक्कम आणि प्रत्येक तारीख आता वचन झालेली असते. ते पत्र समन्वयकाच्या टेबलावर, लेखा शाखेत आणि अतिथिगृहात अशा तीन ठिकाणी पोचलेले असावे. कारण पाहुणी गुरुवारी संध्याकाळी दारात उभी राहील तेव्हा तिला भेटणारा अतिथिगृहाचा व्यवस्थापक असेल, पत्र लिहिणारा प्राध्यापक नव्हे.